\340\244 : गिटच्या पडद्यावरची देवनागरी

दिवाळी अंकाचं काम चार-पाच जणांत वाटलेलं असलं की लेखांच्या प्रती ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून फिरू लागतात आणि शेवटची प्रत कोणती, याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी एखादा तंत्रस्नेही सहकारी गिट वापरायला सुचवतो. फाइलींत कुणी, कधी, काय बदल केला याची नोंद ठेवणारी ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिली. पण ती केवळ प्रोग्रॅमरांपुरती नाही. साध्या मजकुराच्या फाइलींवर, मग त्यात कविता असो की हिशेब, ती सारख्याच इमानाने काम करते.

मंडळी कामाला लागतात. लेख मराठीत, म्हणून फाइलींची नावंही मराठीत ठेवली जातात. पहिली फाइल `कविता.txt` रेपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये येते आणि कुणीतरी स्थिती विचारतं:

```
$ git status --short
?? "\340\244\225\340\244\265\340\244\277\340\244\244\340\244\276.txt"
```

हे पाहून बहुतेकांना वाटतं की नाव बिघडलं, गिटला मराठी झेपत नाही. मग `kavita.txt` असं रोमन नाव देऊन विषय संपवला जातो. त्याची काही गरज नसते. फाइल शाबूत आहे, तिचं नाव डिस्कवर मराठीतच आहे आणि गिटनेही ते मराठीतच टिपलं आहे. फक्त ते पडद्यावर छापताना गिटने एका विशिष्ट पद्धतीने लिहून दाखवलं आहे. ती पद्धत समजली की हे आकडे सरळ वाचता येतात, आणि पुढे एका अडचणीत त्यांचा चांगला उपयोगही होतो.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. देवनागरीचा मुख्य पट्टा U+0900 पासून U+097F पर्यंत, म्हणजे १२८ जागांचा. हे क्रमांक फाइलीत किंवा फाइलच्या नावात साठवताना बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. दुसरा दोनपैकी एक असतो, कारण पट्ट्याचे ६४-६४ जागांचे दोन भाग पडतात. ही सीमा नेमकी वेलांट्यांच्या मधून जाते: ऱ्हस्व वेलांटी हे पहिल्या भागातलं शेवटचं चिन्ह आणि दीर्घ वेलांटी हे दुसऱ्या भागातलं पहिलं. चिन्हाची खरी ओळख पटते ती तिसऱ्या बाइटवरून.

गिट हे बाइट अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून लिहितं आणि प्रत्येकाच्या आधी एक तिरकी रेघ देतं. त्यामुळे देवनागरी नाव नेहमी `\340\244` किंवा `\340\245` या जोडीने ठेका धरल्यासारखं दिसतं. ‘कविता’ सुटं करून पाहिलं तर असं:

```
क   \340\244\225
व   \340\244\265
ि   \340\244\277
त   \340\244\244
ा   \340\244\276
```

वेलांटी डोळ्यांना ‘व’च्या आधी दिसते, पण साठवताना ती ‘व’च्या नंतर येते, आकड्यांतही तोच क्रम आहे. पाच चिन्हं, पंधरा बाइट आणि प्रत्येक बाइट लिहायला चार खुणा, म्हणून चिमुकलं ‘कविता’ पडद्यावर साठ खुणांचं होतं. खात्री करायची असेल तर गिटने छापलेलं नाव उचलून लिनक्स, मॅक किंवा विंडोजवरच्या गिट बॅशमध्ये `printf` ला द्यावं. ते आकड्यांचं पुन्हा अक्षरांत रूपांतर करतं:

```
$ printf '\340\244\225\340\244\265\340\244\277\340\244\244\340\244\276.txt\n'
कविता.txt
```

मग गिट सरळ ‘कविता’ असं का छापत नाही? याचं उत्तर गिटच्या जन्मस्थानात आहे. लिनक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ असते. त्यात तिरकी रेघ `/` आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं आणि ही माळ कोणत्या लिपीत वाचायची, हे कुठेही नोंदलेलं नसतं. गिटही ती माळ आहे तशी साठवतं. पण छापायची वेळ आली की समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. कधी माणूस असतो, कधी दुसरा प्रोग्रॅम असतो, तर कधी ईमेलने पाठवायचा बदलांचा मसुदा. कर्नलचं काम ईमेलवर चालतं आणि वाटेत एखाद्या यंत्रणेने अनोळखी बाइट बदलले तर मसुदा लागूच पडणार नाही. म्हणून गिटने सावध धोरण घेतलं. इंग्रजीच्या मूळ १२८ खुणांपलीकडचा कोणताही बाइट ‘असाधारण’ मानायचा, तो सी भाषेच्या रिवाजाने आकड्यांत लिहायचा आणि अख्खं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचं.

हा नियम फक्त मराठीला नाही. फ्रेंचमधला é सुद्धा गिट `\303\251` असाच छापतं. आणि नियम फक्त फाइलींच्या नावांना आणि मार्गांना लागू आहे, फाइलीतल्या मजकुराला नाही. म्हणूनच `git diff` मध्ये एक विचित्र दृश्य दिसतं: वरच्या मथळ्यात नाव आकड्यांत आणि खाली बदललेल्या ओळी मात्र स्वच्छ मराठीत.

ही सावधगिरी नको असेल तर ती बंद करणारी सेटिंग गिटमध्ये आहे. तिचं नाव `core.quotepath`. काही सांगितलं नसेल तर ती चालू असते. बंद करायला एक ओळ पुरते:

```
$ git config --global core.quotepath false
$ git status --short
?? कविता.txt
```

या ओळीने रेपॉझिटरीतलं काहीही बदलत नाही. जुन्या नोंदी, फाइलींची नावं, सगळं होतं तसंच राहतं. बदलते ती केवळ छपाई. त्यामुळे ती निर्धास्तपणे देता येते आणि हवी तेव्हा मागे घेता येते. नावात दुहेरी अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ किंवा टॅबसारखी अदृश्य नियंत्रक खूण असेल, तर मात्र सेटिंग बंद असतानाही गिट ते नाव अवतरणांत घालूनच दाखवतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. `--global` म्हटलं की ही सेटिंग त्या संगणकावरच्या त्या वापरकर्त्याच्या `.gitconfig` फाइलीत लिहिली जाते. ते न म्हणता दिली तर रेपॉझिटरीच्या आतल्या `.git/config` मध्ये जाते. दोन्हींपैकी काहीही क्लोनबरोबर दुसऱ्याकडे पोचत नाही. संपादकाच्या पडद्यावर ‘कविता’ आणि मुद्रितशोधकाच्या पडद्यावर आकडे, असं दिसलं तर दोघांच्या रेपॉझिटरीत काडीचाही फरक नसतो. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर ती ओळ एकदा द्यायची असते.

सेटिंग बंद करूनही नाव नीट दिसत नसेल, तर कारण गिटच्या बाहेर शोधावं. ते काय दिसतंय यावरून ओळखता येतं. `<E0><A4><95>` असं कंसांत दिसलं तर ते काम `less` चं, म्हणजे लांबलचक मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं. आपण यूटीएफ-८ मध्ये आहोत हे त्याला कळलेलं नसतं. `LESSCHARSET` या चलाची किंमत `utf-8` ठेवली की ते सुधारतं. ‘क’च्या जागी `à¤•` दिसलं तर कुणीतरी यूटीएफ-८ चे बाइट जुन्या पाश्चात्य संकेतावलीने वाचले आहेत. आणि अक्षरं मराठी असूनही वेलांटी भलत्या जागी किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसत असेल, तर बाइट अगदी बरोबर आहेत. टर्मिनलला देवनागरीची जुळणी करता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. तेच नाव फाइल मॅनेजरमध्ये पाहिलं की शंका फिटते.

नाव डोळ्यांना दिसू लागलं की काम संपलं असं वाटतं. पण गिटने छापलेली नावं माणसांपेक्षा स्क्रिप्ट जास्त वाचतात आणि तिथली गडबड चटकन लक्षात येत नाही. अंकातल्या सगळ्या लेखांच्या मिळून ओळी किती झाल्या, हे मोजणारी एक साधी आज्ञा घेऊ. लेख `.md` प्रकारच्या फाइलींत आहेत: `संपादकीय.md`, `मुलाखत.md`, `परीक्षण.md` आणि सोबत एक `README.md`.

```
git ls-files | grep '\.md$' | xargs wc -l
```

पहिला भाग रेपॉझिटरीतल्या फाइलींची यादी काढतो, दुसरा `.md` ने संपणारी नावं निवडतो आणि तिसरा त्यांच्या ओळी मोजतो. जिथे सेटिंग मूळच्या स्थितीत आहे अशा यंत्रावर ही आज्ञा चालवली तर उत्तर येतं ते फक्त `README.md` च्या ओळींचं. चूक झाल्याचा संदेश नाही की इशारा नाही. असं का होतं, ते यादीतली एक ओळ पाहिली की कळतं: मराठी नाव अवतरणचिन्हांत आहे, म्हणजे ओळ `.md` ने नव्हे, `.md"` ने संपते. शेवटच्या त्या एका खुणेमुळे `grep` च्या अटीत मराठी नाव बसत नाही आणि तिन्ही लेख गुपचूप वगळले जातात. हीच आज्ञा शुद्धलेखन तपासणाऱ्या किंवा पीडीएफ बनवणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेत असेल, तर मराठी नावाची एकही फाइल न तपासता ‘सर्व ठीक’ असा निकाल येऊ शकतो.

अशा ठिकाणी सेटिंग बंद करून भागवणं धोक्याचं असतं. स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर चालते तिथे ती बंद असेलच याची खात्री नसते आणि नावात मोकळी जागा आली की `xargs` त्याचे दोन तुकडे करतं, ते वेगळंच. प्रोग्रॅमसाठी गिटने वेगळा मार्ग ठेवला आहे: `-z`. हा पर्याय दिला की गिट नावं जशीच्या तशी, अवतरणांशिवाय देतं आणि प्रत्येक नावानंतर शून्य बाइट टाकतं. फाइलच्या नावात शून्य बाइट कधीच येऊ शकत नसल्यामुळे एक नाव कुठे संपलं याबद्दल घोळ होत नाही. फाइलींची निवडही गिटवरच सोपवता येते:

```
git ls-files -z -- '*.md' | xargs -0 wc -l
```

आता `core.quotepath` चालू असो वा बंद, चारही फाइली मोजल्या जातात.

आकड्यांची छपाई जिथे अडचण न राहता मदतीला येते, तो प्रसंग मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला विशेष येतो. अंकात फोनवरच्या ॲपबद्दल एक लेख आहे. एकाने `ॲप.md` नावाची फाइल केली. दुसऱ्याने काही दिवसांनी त्याच नावाची फाइल उघडायची म्हणून नाव टंकलं आणि नवीच फाइल तयार झाली. सेटिंग बंद ठेवून यादी काढली तर एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असू शकत नाहीत, तरी त्या आहेत. अशा वेळी सेटिंग तेवढ्या एका आज्ञेपुरती चालू करावी:

```
$ git -c core.quotepath=true ls-files
"\340\244\205\340\245\205\340\244\252.md"
"\340\245\262\340\244\252.md"
```

दोन नावं वेगळी आहेत हे आता उघड झालं. खालच्या नावात ‘ॲ’ हे एकच चिन्ह आहे, U+0972. वरच्यात ‘अ’ आणि त्यावरचा अर्धचंद्र अशी दोन चिन्हं आहेत. एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी हे अक्षर दोन तुकड्यांत लिहिण्यावाचून इलाज नव्हता. आजही काही कीबोर्ड एकसंध चिन्ह देतात, काहींवर दोन कळा दाबल्या जातात आणि पुष्कळ फाँटमध्ये दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोड मात्र या दोन रूपांना समान मानत नाही. म्हणून कोणतीही प्रणाली ती आपणहून एक करत नाही आणि गिटच्या दृष्टीनेही त्या दोन स्वतंत्र फाइली असतात.

‘ऱ’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ’ एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खाली नुक्ता असाही लिहिता येतो आणि ही दोन रूपं युनिकोडने समान ठरवलेली आहेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नावं साठवताना ती फोडून ठेवत असे, त्यामुळे मॅकवरून आलेलं नाव आणि लिनक्सवरचं नाव जुळत नसे. त्यासाठी गिटमध्ये मॅकपुरती `core.precomposeunicode` ही सेटिंग आहे. ती फोडलेली रूपं पुन्हा जोडून घेते. पण ‘वाऱ्यावर’चं आणखी एक रूप आहे: साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर जोडणारं एक अदृश्य चिन्ह, U+200D. ते पहिल्या दोघांच्या समान मानलं जात नाही, म्हणून ही सेटिंग तिथे निरुपयोगी ठरते. आकड्यांत ते `\342\200\215` असं लगेच ओळखू येतं, कारण देवनागरीच्या `\340` च्या रांगेत `\342` उठून दिसतो. संकेतस्थळावरून शीर्षक उचलून फाइलला नाव दिलं की अशी अदृश्य चिन्हं नकळत सोबत येतात. ती नावांत कुठे आहेत हे शोधायला ही आज्ञा पुरते:

```
git -c core.quotepath=true ls-files | grep -F '\342\200'
```

यादीत आलेलं प्रत्येक नाव चुकीचं असेलच असं नाही. हे अदृश्य चिन्ह वापरून लिहिलेला ‘ऱ्य’ही वाचायला बरोबरच असतो. आणि लांब आडवी रेघ किंवा वळणदार अवतरणचिन्ह नावात असेल, तर तेही `\342\200` नेच सुरू होतं. पाहायचं एवढंच की एकाच नावाची दोन रूपं रेपॉझिटरीत नांदत नाहीत ना.

नांदत असतील तर आधी दोन्ही फाइलींतला मजकूर ताडून एकीत आणावा आणि दुसरी `git rm` ने काढावी. फाइल एकच असून नावाचं रूप तेवढं बदलायचं असेल, तर `git mv`. आपला कीबोर्ड नको असलेलं रूप टंकू देत नसेल, तर बॅशमध्ये `$'...'` या रूपात गिटने छापलेले आकडेच नाव म्हणून देता येतात:

```
git mv $'\340\244\205\340\245\205\340\244\252.md' \
       $'\340\245\262\340\244\252.md'
```

नाव बदललं तरी त्याचा उल्लेख इतर फाइलींत जुन्याच रूपात असू शकतो. अनुक्रमणिकेत `अॅप.md` असा दुवा राहिला असेल तर तो उघडणार नाही, आणि `git grep 'ॲप'` असं शोधून तो सापडणारही नाही, कारण मजकुरातही ही दोन रूपं वेगळीच असतात. म्हणून शोध दोन्ही रूपांचा घ्यावा लागतो:

```
git grep -n -e 'ॲप' -e 'अॅप'
```

सापडलेले दुवे दुरुस्त करून नावबदलाबरोबर एकाच कमिटमध्ये नोंदवले, तर पुढे कुणी जुन्या आवृत्तीकडे वळलं तरी नाव आणि दुवे एकमेकांशी जुळलेले मिळतात.